माजघरातला टीव्ही

"मोबाईलवर चालतं, लॅपटॉपवर चालतं, टीव्हीवरच नुसतं गोल फिरत राहतं." रत्नागिरीत घरोघरी वाय-फायची कामं करताना ही तक्रार मला सारखी ऐकू येते, आणि ती बहुतेक वेळा खरी असते. तिच्यावरून लोक काढतात तो अर्थ मात्र चुकतो. कुणी म्हणतं टीव्ही बिघडला, कुणी म्हणतं केबलवाला स्पीड देत नाही. मग 100चा प्लॅन 200चा होतो, महिन्याचं बिल वाढतं आणि मॅच पूर्वीसारखीच अडकत राहते. इंटरनेट घरापर्यंत पोचणं आणि ते टीव्हीच्या आत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या दहा-पंधरा फुटांत काय होतं ते टीव्हीपाशीच जाऊन पाहावं लागतं.

टिळक आळीतल्या एका घराचं उदाहरण घेतो. घर जुनं, जांभ्याचं, वर कौलं. फायबर रस्त्याकडून आत आलेली, म्हणून राउटर ओटीवर खिडकीशेजारी. टीव्ही 43 इंची, माजघरात भिंतीवर ठोकलेला. ओटी आणि टीव्ही यांच्यामध्ये जांभ्याच्या दोन भिंती, एकेक सव्वा फूट जाड. राउटरकडून टीव्हीकडे सरळ रेघ ओढली तर ती भिंती तिरप्या कापत जाते, म्हणजे प्रत्यक्षात लहरींना त्याहून जास्त दगड ओलांडावा लागतो. जांभा सच्छिद्र असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात अशा भिंती पाणी धरून बसतात. ओल्या भिंतीतून वाय-फाय आणखी कमी येतं. "मे महिन्यात बरा चालायचा, जुलैपासून बिघडला," असं त्या घरच्या काकू म्हणाल्या तेव्हा मला त्यांच्या सांगण्याचं नवल वाटलं नाही.

"अहो पण माझा मोबाईल इथे माजघरातच चालतो की! हा बघा." त्यांनी व्हिडिओ लावून दाखवला. चालत होता. पण सहा इंचांच्या पडद्यावर 480p सुद्धा स्वच्छ दिसतं आणि त्याला सेकंदाला एक-दीड मेगाबिट पुरतो. टीव्हीला फुल एचडीसाठी साधारण 5 लागतात, 4K साठी 15. शिवाय वाय-फाय फारच अशक्त झालं तर बरेच मोबाईल गुपचूप मोबाईल डेटावर जातात आणि मालकाला कळतही नाही. म्हणून मी आधी काकूंच्या मोबाईलचा डेटा बंद केला. लॅपटॉप तर कायम ओटीवरच असायचा, राउटरपासून हाताच्या अंतरावर. तिघांची तुलना मुळातच सारखी नव्हती.

मोजमाप टीव्हीवरच करायचं. यूट्यूब सुरू करून चक्राच्या खुणेतून Stats for nerds उघडलं की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची चौकट येते. तिच्यातल्या तीन ओळींवर माझं लक्ष असतं. Connection Speed म्हणजे डेटा किती वेगाने येतोय. Buffer Health म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवलेत. तिसरी ओळ फ्रेम्सची, त्यातल्या किती गळाल्या याची. मी दर्जा मुद्दाम 1080p वर बांधून ठेवला. वेग 4000 Kbps च्या आसपास खालीवर होत होता, म्हणजे 4 मेगाबिट. पाहायला 5 लागतात, येतात 4. दर सेकंदाला एक सेकंदाचं चित्र संपतं आणि 0.8 सेकंदाचं भरतं. गाठीला 10 सेकंद असतील तर ते 50 सेकंदांत संपतात. Buffer Health चा आकडा सावकाश शून्याकडे गेला, मिनिटाच्या आत चित्र थांबलं आणि चक्र फिरू लागलं. "दरवेळी असंच," काकू म्हणाल्या, "सुरुवात छान होते."

दर्जा आपोआपवर सोडला की अशा वेळी टीव्ही 720p वर उतरतो, चित्र थोडं अंधूक होतं पण चालू राहतं. मग मॅच का अडकते? कारण थेट प्रक्षेपणात पुढचं चित्र अजून घडलेलंच नसतं. सिनेमा अर्धा मिनिट आधी उतरवून ठेवता येतो, चेंडू अजून टाकायचा असताना तो कुठून उतरवणार? साठा थोड्याच सेकंदांचा असतो, आणि वेग 4 वरून क्षणभर 1 वर आला तरी तो रिकामा होतो. एखाद्या घरी सिनेमे नीट चालतात आणि मॅचच अडकते असं ऐकलं की मी सरासरी वेगाकडे कमी आणि त्याच्या चढउतारांकडे जास्त पाहतो.

आता 100चा प्लॅन असताना 4च का? स्वस्त आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ टीव्हींत वाय-फायचा रेडिओ फक्त 2.4 गीगाहर्ट्झचा आणि अँटेना एकच असतो. त्या मांडणीत अगदी राउटरला खेटून बसलं तरी जोडणीचा कमाल दर 72 मेगाबिट, प्रत्यक्षात हाती येतो त्याच्या निम्मा. सिग्नल क्षीण झाला की हा दर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत 6.5 पर्यंत खाली येतो. आजकालच्या मोबाईलला दोन अँटेना आणि 5 गीगाहर्ट्झचा पट्टाही असतो. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर मोबाईल आपला चांगला पट्टा निवडतो, टीव्ही 2.4 वरच राहतो, आणि घरच्यांना दोघं एकाच वाय-फायवर आहेत असं वाटतं.

मी 192.168.1.1 वर जाऊन दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी केली आणि माझा मोबाईल मुद्दाम 2.4 ला जोडला. सिग्नल मोजणारं ॲप उघडून टीव्हीसमोर उभा राहिलो तेव्हा आकडा उणे 66 होता. व्हिडिओसाठी हा काठावरचा, पण चालण्याजोगा. मग मोबाईल टीव्हीच्या मागे, पॅनेल आणि भिंत यांच्यातल्या फटीत सरकवला. आकडा उणे 78 वर गेला. या मापात दर 3 अंकांना ताकद निम्मी होते, म्हणजे 12 अंकांत ती सोळाव्या हिश्शावर आली, तीही वीतभर अंतरात. टीव्हीचा अँटेना असतो तो नेमका त्या फटीत: पुढे धातूच्या पत्र्याचं पॅनेल, मागे भिजलेला जांभा. काकूंना आकडा दाखवला, तशी त्यांनी स्वतः मोबाईल आतबाहेर करून पाहिला.

टीव्हीत दुसरा काही दोष नाही हे पक्कं करायला एक सोपी चाचणी आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून तो टीव्हीच्या अगदी खाली ठेवायचा आणि टीव्ही त्याला जोडायचा. माळनाक्याच्या बाजूने त्या घरात मोबाईल डेटा चांगला येतो. तोच व्हिडिओ, तोच दर्जा, आणि Buffer Health चढत जाऊन स्थिर राहिला. म्हणजे टीव्ही ठीक, ॲप ठीक, दोष फक्त ओटी ते माजघर या वाटेत. हॉटस्पॉटवरही अडकलं असतं तर मी भिंतींकडे बघितलंच नसतं.

उपाय वायर. काकूंच्या मुलाने टीव्हीजवळ रिपीटर लावायचं सुचवलं होतं. पण रिपीटर टीव्हीशेजारी ठेवला की त्याला स्वतःलाच तो मेलेला सिग्नल मिळतो, आणि एकाच रेडिओने घ्यायचं व द्यायचं असल्याने हाती येतो त्याचा निम्मा. लावायचाच तर मधल्या दाराच्या चौकटीत, जिथून ओटी दिसते तिथे. ज्या घरात वायर ओढता येत नाही तिथे मी तेच करतो.

इथे तुळईच्या कडेने कॅट-6 वायर नेता आली. जांभ्याला भोक पाडणं कठीण नाही, पण दगड भुरभुरतो, म्हणून ड्रिल हातोडीच्या मोडवर न चालवता नुसतं फिरवायचं. भोक वायरपुरतंच ठेवायचं आणि टोकाचा प्लग वायर पलीकडे गेल्यावर बसवायचा. या प्लगमध्येच पुष्कळदा घात होतो. आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. कुणी त्या जोडीने जोडीने ओळीत लावतं, दोन्ही टोकांना सारखंच. टेस्टरचे आठही दिवे लागतात, टीव्ही "जोडलं" म्हणतो, आणि तरी चित्र अडकतं. कारण 100 मेगाबिटच्या पोर्टला 1-2 आणि 3-6 या जोड्या लागतात, आणि 3 व 6 क्रमांकाच्या तारा वेगवेगळ्या पिळातल्या आल्या की त्या एकमेकींचा गोंगाट झाकू शकत नाहीत. म्हणून हिरवी जोडी फोडून तिच्या पोटात निळी ठेवायची: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आणि वायर अस्सल तांब्याची घ्यायची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण आपल्या खाऱ्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात.

बऱ्याच टीव्हींना, चांगल्या महागांनाही, वायरचं पोर्ट 100 मेगाबिटचंच असतं, आणि ते ऐकून लोक हिरमुसतात. पण 4K ला 15 लागतात. स्थिर 100 भरपूर होतात. वायर लावल्यावर त्याच चौकटीत वेगाचा आकडा 80000 च्या पुढे गेला. त्या गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले, घरातल्या सगळ्या मोबाईलांनी 2.4 चा पट्टा भरून गेला, तरी टीव्हीला त्याची झळ लागली नाही. तो त्या गर्दीत नव्हताच.

वायरने सगळंच सुटतं असं मात्र नाही. कुवारबावच्या एका फ्लॅटमध्ये Buffer Health तीस सेकंदांच्या खाली येत नव्हता, वेगही भरपूर, आणि तरी चित्र हिसके देत होतं. तिथे तिसरी ओळ बोलत होती: गळालेल्या फ्रेम्सचा आकडा सेकंदागणिक वाढत होता. डेटा येऊन पडलाय, पण टीव्हीच्या प्रोसेसरला तो उलगडता येत नाही. साठवण काठोकाठ भरलेली होती. न वापरलेली ॲप काढली, टीव्ही रिमोटने बंद न करता प्लग काढून मिनिटभर ठेवला, कारण रिमोटने तो नुसता झोपतो. थोडा फरक पडला, पण संध्याकाळी पुन्हा तेच. टीव्ही बराच जुना होता. त्याला एचडीएमआय पोर्टात बसणारी स्ट्रीमिंग स्टिक लावली, आणि ती थेट न खोचता बरोबर येणाऱ्या वीतभर तुकड्याने पॅनेलच्या बाहेर काढून ठेवली, नाहीतर तीही त्याच फटीत अडकली असती.