स्टीलच्या बाटलीवरचा उजेड शब्दांत कसा सांगावा

'डावीकडे सॉफ्टबॉक्स लावा' एवढ्या सूचनेवर स्टीलच्या बाटलीचा स्वच्छ फोटो निघत नाही. डावी बाजू बाटलीची की कॅमेऱ्याची? म्हणून मांडणी घड्याळाच्या तबकडीवर सांगावी: बाटली मध्यभागी, कॅमेरा सहावर, सॉफ्टबॉक्स नऊवर, पांढरा फोमबोर्ड तीनवर.

चकचकीत स्टील समोरचं सगळं दाखवतं, त्यामुळे खरं तर आपण बाटलीत दिसणारं प्रतिबिंब उजळत असतो. समजा बाटली २० सेंटिमीटर उंच आहे. सॉफ्टबॉक्स बाटलीपेक्षा बराच उंच हवा, नाहीतर त्याची वरची कड बाटलीवर आडवी उमटते. त्याच्यापुढे, बाटलीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर, ट्रेसिंग पेपर ताणून लावावा आणि सॉफ्टबॉक्स त्याच्या अर्धा मीटर मागे ठेवावा. सॉफ्टबॉक्स कागदाला चिकटवला तर कडक कडांचा पांढरा पट्टा दिसतो. मागे सरकवला की उजेड हळूहळू विरत जातो.

पार्श्वभूमी पांढरी असेल तर बाटलीच्या कडा त्यात हरवतात. त्यासाठी दहा आणि दोनवर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळे कार्ड उभे करावेत. बाटलीच्या मधोमध गडद उभी रेघ दिसली, तर तो कॅमेरा आणि फोटोग्राफर आहे. कॅमेरा लांब नेऊन झूम केल्यास ती बारीक होते, पूर्ण जात नाही.