आत्याचे पत्र वाचताना

पुण्यात राहणाऱ्या एका भाच्याला कोकणातून त्याच्या आत्याचे पत्र आले, तेही फोनवर. आत्याचे वय चौऱ्याऐंशी. तिने कागदावर शाईने लिहिले, घरातल्या नातवाने फोटो काढला आणि पाठवला. भाच्याने पहिल्या वाचनात अर्धे पत्र समजून घेतले आणि उरलेले अर्धे अंदाजाने भरले. अशा पत्रात घात होतो तो या अंदाजाने.

पहिली अडचण फोटोतच होती. कागद तिरका धरलेला, वर पिवळ्या बल्बचा उजेड आणि डावा समास कापला गेलेला. जुन्या पिढीला कागद वाया घालवण्याची सवय नाही. जागा संपली की ही माणसे समासात, उभ्या ओळीत, घडीवरही लिहितात. म्हणून फोटो पुन्हा मागवावा. कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन कागदाला समांतर धरून आणि चारही कडा दिसतील असा तो काढायला सांगावे. मागची शाई पुढे उमटत असेल तर कागदाखाली काळा कागद सरकवला की ती बरीच मावळते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर बारीक रेघा पुसट होतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशाचा तसा येतो. दुसऱ्या फोटोत समासातली ओळ दिसली: ‘उत्तर लिहिशील तें अक्षर मोठें काढ, दिसत नाहीं.’

मग उतरवायला बसावे. पहिली प्रत ओळीला ओळ, आत्याने जसे लिहिले तसेच. शुद्धलेखन सुधारायचे नाही, न लागलेला शब्द चौकटी कंसात ठेवायचा आणि पुढे जायचे. त्या पत्राची उतरवलेली प्रत अशी:

॥ श्री ॥
श्रावण व. ५
चि. बाळ यास आत्येचे अ. उ. आ. वि. वि. आम्ही सर्व खुशाल आहोंत. तिकडील क्षेम कळवीत जावें. पाऊस यंदा फार. फणसाची फांदी गोठ्यावर पडली, गुरें बाहेर होतीं म्हणून निभावलें. तांबू [वारली?] रविवारीं. खरवस केला तेव्हां तुझी आठवण आली. केळीं पाठवीत आहें, शेजारचा मुलगा ३॥ च्या एस्टीनें निघेल. गुडघे आतां जिना चढूं देत नाहींत. गणपतींत येतोस ना? तुम्हां दोघांना रजा नसली तरी मुलांस सुटी असेल, तीं तरी येऊं देत. कै. दादांचा फोटो असल्यास आणावा. कळावें.

संक्षेप पहिल्या प्रतीत तसेच राहू द्यावेत, दुसऱ्या वाचनीय प्रतीत सोडवावेत. ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. ‘व.’ म्हणजे वद्य. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे श्रावण वद्य पंचमीनंतर गणेश चतुर्थी साधारण दोन आठवड्यांवर असते. ‘येतोस ना?’ या प्रश्नाला मुदत आहे हे तारखेवरून कळते. पत्रावर शके असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या पत्राला ७९.

‘३॥’ पाहून नव्या वाचकाचा हात अडखळतो. तीनशे अकरा? की ओळ संपली? आकड्यापुढचा एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. एस्टी साडेतीनची आहे. हेच दंड जुन्या पत्रांत तांदळाच्या मापापुढे आणि रुपयांपुढे येतात, आणि टाइप करताना ११ झाले की साडेतीन रुपयांचे तीनशे अकरा होतात.

अनुस्वारांचे तसेच. आत्या शाळेत शिकली ती मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम येण्याआधी. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी गेले, तिच्या हातातून गेले नाहीत. ते गाळून उतरवले तर ‘ती तरी येऊ देत’ उरते आणि वाचणाऱ्याला वाटते, आत्याने फक्त सूनबाईला बोलावले आहे. ‘तीं’वरचा टिंब सांगतो की बोलावणे मुलांना आहे. भाच्याच्या घरी यावरून रुसवा व्हायला वेळ लागला नसता.

आता कंसातली तांबू. भाच्याला वाटले, तांबू नावाची कुणी म्हातारी शेजारीण वारली. त्याने सांत्वनाची दोन वाक्ये लिहूनही टाकली होती. असा शब्द अडला की दोन गोष्टी कराव्यात. एक, त्याच हातातली खात्रीची अक्षरे शेजारी काढून ठेवावीत. ‘यास’, ‘येतोस’ यांतला ‘य’ आत्या कसा वळवते ते पाहिले, तेव्हा ‘वारली’तला ‘र’ हा ‘र’ नसून ‘व’ला चिकटलेला ‘य’ निघाला. दुसरी गोष्ट म्हणजे पुढची ओळ वाचणे. घरात कुणी वारले असता खरवस कोण करतो? खरवस होतो तो गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकाचा. शब्द ‘व्याली’ आहे. तांबू ही गाय आहे, आणि गोठ्यात वासरू आले आहे. शब्द अक्षराला आणि मजकुराला, दोन्हींना जुळला तरच कंस काढावा. एकालाच जुळत असेल तर तो राहू द्यावा आणि उत्तरात सरळ विचारावे.

उत्तर लिहिताना पुष्कळ जण आत्याची भाषा उसनी घ्यायला जातात आणि अनुस्वार पेरत बसतात. ते खोटे वाटते. मायना आणि शेवट तिच्या रीतीचा ठेवावा, कारण तो मान आहे. मधला मजकूर आपण तिच्याशी बोलतो तसा असावा. तिने लिहिलेल्या एकेका गोष्टीला उत्तर मिळाले पाहिजे. ‘पत्र वाचून आनंद झाला, काळजी घे’ एवढ्याने आत्याला काहीच कळत नाही. भाच्याने शेवटी लिहिले ते असे:

॥ श्री ॥
श्रावण व. ९
ती. आत्यास बाळचा शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. तांबू व्याली हे ऐकून मुलं नाचली. कालवड की पाडा, ते तू लिहिलंच नाहीस! फांदी पडली तेव्हा गुरं बाहेर होती, ही गणपतीचीच कृपा. केळी पोचली आणि संपलीही. आम्ही चौघंही हरतालिकेला दुपारी पोचतो. तू जिना चढायचा नाहीस, माळ्यावरची आरास मुलं खाली आणतील. दादांचा फोटो सापडला आहे, मोठा करून आणतो. खरवस उरणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारून ठेवतो. कळावे, लोभ असावा.
तुझा बाळ

हे त्याने रेघांच्या कागदावर, काळ्या शाईने, एका ओळीआड लिहिले, कारण समासातली सूचना तशी होती. फोटो पाठवलाच, पण कागदही पोस्टात टाकला. मूळ पत्राला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशनही करू नये. दोन्ही पुढे काढता येत नाहीत.

तुमच्या फोनमध्ये असे एखादे पत्र पडून असेल तर आधी त्यावरची तिथी वाचा, आणि लिहिणारे हयात असतील तर याच आठवड्यात उत्तर टाका.