रजेवरच्या माणसाचा फोन वाजू नये म्हणून

समजा, पुण्यातल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात चौघं आहेत आणि त्यांतल्या सर्वांत अनुभवी मॅडम शस्त्रक्रियेसाठी ३ महिन्यांच्या रजेवर निघाल्या. अशा वेळी साहेब बहुधा एकच करतात: जो हुशार, त्याच्या टेबलावर सगळ्या फायली. महिनाभरात त्याच्या स्वतःच्या नोंदी तुंबतात, तो रात्री उशिरापर्यंत बसू लागतो, आणि मग मॅडमना फोन जातो, "फक्त एकच विचारायचं होतं."

म्हणून आधी माणसं नाही, कामं मोजायची. काही कामांना सरकारी तारीख असते. एरवीच्या महिन्यात टीडीएस ७ तारखेपर्यंत, मासिक जीएसटीआर-१ हे ११ पर्यंत, पीएफ आणि ईएसआय १५ पर्यंत. यांतल्या प्रत्येकाला करणारा एक आणि तपासणारा एक, दोन्ही नावं ठरलेली हवीत. पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ पंधरवड्याऐवजी महिन्याने घेतला तरी चालतो. कोणी उघडूनही न पाहणारा साप्ताहिक अहवाल तर तेवढे दिवस बंदच ठेवावा. ज्याच्याकडे पीएफ आलं, त्याच्याकडची पेटी कॅश दुसऱ्याकडे जायला हवी. ही सगळी वाटणी, ती संपण्याच्या तारखेसह, लेखी द्यावी.

खरी गाडी अडते ती ओटीपीवर. पोर्टलवर आणि बँकेत नोंदलेला मोबाइल मॅडमचाच असेल, तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनाच आकडे सांगावे लागतात. रजेआधीच अधिकृत स्वाक्षरीकर्ता आणि मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. बँकेला त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागू शकतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

संपर्काचंही जाण्याआधीच मॅडमना विचारावं: फोन चालेल की मेसेज, किती दिवसांनी, ऑफिसच्या ग्रुपमध्ये राहायचंय का, आणि इतरांना काय सांगायचं? आजाराचं नाव सांगायचं की नाही, ते त्यांनीच ठरवायचं. "वैद्यकीय रजेवर आहेत" एवढं इतरांना पुरतं. चौकशी त्यांनी निवडलेल्या एकाच माणसाने करावी: "मॅडम, सगळ्यांनी आठवण काढली. उत्तराची घाई नाही." याच मेसेजच्या शेपटाला जीएसटीचा प्रश्न लावला, की पुढचा मेसेज त्या धास्तीने उघडतील. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागायचं असेल तर ते एचआरने वेगळ्या ईमेलने मागावं. "कधी येताय?" हेही एचआरनेच विचारावं, कारण सहकाऱ्याच्या तोंडी तो तगादा वाटतो.

मॅडम परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे तारखेचं एकही काम देऊ नये. मधल्या काळातले निर्णय लिहिलेली वही आधी त्यांना वाचू द्यावी. मग एकेक काम परत द्यावं, आणि पीएफ नव्या माणसाच्या हातात बसलं असेल तर ते तिथेच ठेवायचं का, हे मॅडमशी बोलूनच ठरवावं.