चपला आणि पर्सचे रंग

ऑफिसला जाणाऱ्या बाईच्या कपाटात कुर्ते, साड्या आणि पँट मिळून बरेच रंग असतात. चपला मात्र दोन-तीन जोडच असतात. त्यामुळे त्यांचा रंग ठरवताना आधी कपड्यांच्या खालच्या भागाकडे पाहावे, कारण चप्पल दिसते ती सलवार, लेगिंग किंवा साडीच्या काठाशेजारी. कुर्ता कोणताही असला तरी सलवारी बहुधा पांढऱ्या, काळ्या, नेव्ही किंवा बेज असतात.

काळा रंग सगळ्यांवर चालतो हा समज अर्धाच खरा आहे. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यांखाली काळी चप्पल एकदम उठून दिसते आणि नजर पायांकडेच जाते. टॅन, म्हणजे कोल्हापुरीचा तो मधाळ तपकिरी, इथे जास्त उपयोगी. तो पांढऱ्यावर जड वाटत नाही, नेव्हीवर खुलतो आणि मोरपंखी, मोहरी, मरून अशा भारतीय रंगांतही मिसळतो. राखाडी आणि पूर्ण काळ्या पोशाखावर मात्र काळाच बरा.

पर्स चपलेच्या अगदी त्याच रंगाची असण्याची गरज नाही. टॅन चपलेबरोबर गडद मरून पर्स छान दिसते. चुकते ते जवळपास सारख्या, पण न जुळणाऱ्या दोन तपकिरींचे. पिवळसर आणि लालसर तपकिरी दुकानातल्या दिव्यांखाली एकच भासतात, म्हणून दोन्ही वस्तू दाराशी, दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहाव्यात. बकल आणि चेन सोनेरी की रुपेरी, तेही तेव्हाच पाहून घ्यावे.

फिकी बेज पर्स टाळलेली बरी: गडद जीन्सचा निळा रंग तिला लागतो आणि सहसा निघत नाही.