भाव चढला, मागणीही वाढली?

1914 साली हेन्री मूर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी कच्च्या लोखंडाच्या भावाची खपाशी सांगड घातली. रेषा निघाली चढती, आणि त्यांनी तिलाच मागणीची नवी रेषा म्हटलं! खरं तर तेजी-मंदीत कारखान्यांची मागणीच सरकत होती, त्यामुळे ठिपके बरेचसे पुरवठ्याच्या रेषेवर पडत होते. दोन्ही रेषा सरकल्या, की प्रत्येक ठिपका वेगळ्याच जोडीचा छेदबिंदू असतो. मग नुसत्या भाव-खपातून काढलेली रेषा ना मागणीची, ना पुरवठ्याची. आकडे कितीही जमवा.

1928 मध्ये फिलिप राइट यांच्या पुस्तकात जवसाच्या निमित्ताने वाट सापडली. एकरी उतारा घटला, की पुरवठा आटतो आणि भाव चढतो. त्या चढापुरता खप किती घटला, तेवढंच मोजायचं. मात्र उताऱ्यामागचं कारण मागणीलाही हलवत असेल, तर हा हिशेबही फसतो.