बैलाचं तोंड कुणीकडे?
अक्षरांच्या वाटा : भाग 7

उर्दू, अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडे का लिहितात, असं विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं. पूर्वी दगडावर कोरत. उजव्या हातात हातोडा, डाव्यात छिन्नी, म्हणून उजवीकडून सुरुवात सोयीची. उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते टिकत नाही. त्याच दगडावर, त्याच हातांनी ग्रीक आणि रोमन लोक पुढे डावीकडून उजवीकडे कोरत राहिले. आणि इजिप्तचे कारकून पपायरसवर शाईने, म्हणजे हातोडा-छिन्नीशिवाय, उजवीकडूनच लिहीत होते. तेव्हा कारण हत्यारात शोधण्यापेक्षा अक्षरांच्या जन्मकथेत शोधलेलं बरं.

सुरुवात इजिप्तपासून करू. तिथल्या चित्रलिपीत पक्षी, माणसं, साप असतात आणि त्यांना तोंड असतं. वाचायचा नियम सोपा आहे: तोंडं जिकडे वळलेली, तिकडून वाचायला सुरुवात. घुबड उजवीकडे बघत असेल, तर ओळ उजवीकडून सुरू होते. (काही धार्मिक ग्रंथांत हा नियम मुद्दाम उलटवलेला आढळतो, पण ते अपवाद.) नेहमीची रीत उजवीकडून लिहिण्याची होती, तरी ती सक्तीची नव्हती. देवळाच्या दाराच्या दोन्ही चौकटींवर मजकूर हवा असेल, तर कारागीर एका बाजूची चित्रं उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूची डावीकडे वळवायचा, म्हणजे दोन्ही मजकूर मधल्या वाटेला सामोरे. चित्र आहे, तोवर ते कसंही फिरवता येतं. पण हिशेब, पत्रं, पावत्या यांसाठी इजिप्शियनांनी याच चित्रांचं भरभर लिहायचं वळण तयार केलं, त्याला हायरॅटिक म्हणतात. त्यात घुबडाचे दोन-तीन फटकारेच उरले, आणि त्या लिपीची दिशा मात्र उजवीकडून डावीकडे अशी एकच राहिली. वेगाने लिहिणाऱ्या हाताला दर वेळी नवी दिशा परवडत नाही.

आता सिनाईच्या वाळवंटात जाऊ. तिथे सेराबित अल-खादिम नावाच्या डोंगरी जागी इजिप्शियन लोक फिरोजा हे निळसर रत्न खणून काढत. शेजारीच हाथोर देवीचं मंदिर होतं. 1905 मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला तिथे काही विचित्र कोरीव खुणा सापडल्या. दिसायला इजिप्शियन चित्रांसारख्या, पण इजिप्शियन म्हणून वाचायला गेलं तर अर्थ लागेना. खुणांचे प्रकारही अगदी थोडे, तीसच्या आतबाहेर. इजिप्शियन लिपीत तर शेकड्यांनी चिन्हं असतात. एवढ्या कमी खुणा म्हणजे ही वर्णमाला असणार, असा पेट्रीला संशय आला.

कोडं सुटलं 1916 मध्ये, ॲलन गार्डिनर या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाकडून. त्या खुणांत चार चित्रांचा एक क्रम पुन:पुन्हा येत होता: घर, डोळा, बैल हाकायची काठी आणि फुली. खाणीत कनानी भाषा बोलणारे लोकही असत, हे ठाऊक होतं. गार्डिनरने त्या भाषेतली नावं घेतली. घर म्हणजे ‘बेत’, डोळा ‘अयिन’, पुढची दोन ‘लामेद’ आणि ‘ताव’. प्रत्येकाचा फक्त पहिला ध्वनी घ्यायचा. जुळून आलं ‘बअलत’, म्हणजे स्वामिनी, देवी. हे अंदाजाने जुळवलेलं नाही, याला एक आधार होता. देवळात सापडलेल्या एका छोट्या स्फिंक्सवर, जो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इजिप्शियन लिपीत हाथोरचं नाव आहे आणि त्याच मूर्तीवर या नव्या खुणांत बअलतचं. देवी एकच, लिपी दोन.

या शोधाचं मर्म नीट बघा. त्या लोकांनी इजिप्शियन चित्रं उचलली, त्यांचे इजिप्शियन उच्चार मात्र सोडून दिले. बैलाचं डोकं काढलं की बैल म्हणायचं नाही, बैलाच्या ‘आलेफ’ या नावाचा पहिला ध्वनी म्हणायचा. मग अशी पंचवीस-तीस चित्रं सगळ्या भाषेला पुरतात. पण दिशेचं काय? सिनाईच्या लेखांत काही ओळी उभ्या आहेत, काही आडव्या, आणि आडव्या ओळींचीही दिशा ठरलेली नाही. म्हणजे पहिली वर्णमाला जन्मली तेव्हा उजवी-डावी असा आग्रह कुणाचाच नव्हता.

आग्रह आला फिनिशियनांकडून. इ.स.पू. 1000 च्या सुमारास, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या या दर्यावर्दी व्यापाऱ्यांची लिपी बावीस अक्षरांवर आणि उजवीकडून डावीकडे या एकाच दिशेवर स्थिरावली. तोवर बैलाचं डोकं आडवं होऊन तीन रेघांवर आलं होतं. नाक डावीकडे, शिंगं उजवीकडे. हिब्रू आणि अरमाईक लिपी याच परंपरेतल्या, आणि अरबी लिपी अरमाईकची नात. दिशा वारशाने मिळाली.

मग ग्रीकांचं काय? त्यांनीही लिपी फिनिशियनांकडूनच घेतली आणि सुरुवातीला उजवीकडूनच लिहिलं. अथेन्समध्ये सापडलेल्या, इ.स.पू. 740 च्या सुमाराच्या एका मद्यकुंभावर उत्तम नाचणाऱ्याला बक्षीस असल्याचा मजकूर आहे, तो उजवीकडून डावीकडे जातो. पण ग्रीकांनी वाटही बदलून पाहिली. क्रीट बेटावरच्या गॉर्टिन गावात इ.स.पू. पाचव्या शतकातला, भिंतीवर कोरलेला सहाशेहून अधिक ओळींचा कायदा आहे. तो नांगरासारखा चालतो: एक ओळ उजवीकडून, पुढची डावीकडून. आणि ओळ वळली की अक्षरंही वळतात. इंग्रजी ‘ई’च्या तीन दांड्या एका ओळीत डावीकडे, तर पुढच्या ओळीत उजवीकडे. अक्षराचं तोंड लेखणी जाईल तिकडे. पुढे ग्रीकांनी डावीकडून उजवीकडे ही एकच दिशा ठेवली, तेव्हा अक्षरं त्या बाजूची कायम झाली. रोमन लिपीतून आपण ‘ई’ आणि ‘के’ शिकतो, ते हेच उलटलेले फिनिशियन अवतार. बैलाचं डोकंही उभं राहिलं, तोच इंग्रजी ‘ए’. तो उलटा धरा, शिंगं दिसतील. ग्रीकांनी दिशा का बदलली, याला मी पटण्याजोगं एकही उत्तर वाचलेलं नाही. डावीकडून लिहिताना शाई पुसत नाही हे कारण दगडाला आणि मातीच्या भांड्याला लागू पडत नाही.

भारतात हेच दोन रस्ते एकाच राजाच्या काळात शेजारी दिसतात. अशोकाने आपल्या आज्ञा खडकांवर कोरवल्या. आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे त्या खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे आहेत; त्या भागात इराणी साम्राज्याची अरमाईक कारकुनी चालत असे आणि खरोष्ठी तिच्यावरून घडली. आपल्या नालासोपाऱ्यात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना याच आज्ञांपैकी आठवीचा तुकडा मिळाला, तो ब्राह्मीत, डावीकडून उजवीकडे. राजा एक, आज्ञांचा संच एक. दिशा ठरली ती त्या-त्या प्रांतातले लेखनिक कुणाकडे शिकले यावर.

मालदीवमध्ये तर जुनी ब्राह्मीवंशी लिपी डावीकडून लिहिली जाई. अरबी मजकुराशी मेळ बसावा म्हणून पुढे तिची जागा उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या थाना लिपीने घेतली. तिची काही अक्षरं चक्क अंकांवरून बनवली आहेत. त्या अंकांची गोष्ट पुढच्या आठवड्यात.