कॅमेऱ्यामागची तयारी, भाग ५ : मुक्काम कुठे टाकायचा?

गेल्या आठवड्यात आपण रेकीपर्यंत आलो. जागा ठरली, पंचायतीशी बोलणं झालं, परवानग्यांचे अर्ज गेले. आता युनिट तिथे नेऊन चार-पाच दिवस ठेवायचं आहे. गाड्या, जेवण, राहणं आणि सुरक्षितता ही कामं बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या माणसांना वाटून दिली जातात. मला ही पद्धत पटत नाही. ही सगळी कामं शेवटी एकाच निर्णयावर येऊन ठेपतात, तो म्हणजे रात्रीचा मुक्काम.

उदाहरणासाठी दादरा-नगर हवेलीतलं दुधनी घेऊ. दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचा फुगवटा इथल्या डोंगरांच्या मधे शिरला आहे. धुक्यातलं पाणी, होड्या आणि काठचे वारली, कोकणा पाडे यांमुळे माहितीपट करणाऱ्यांना ही जागा खुणावते. समजा, जानेवारीत पाच दिवसांचं शूटिंग आहे. दिग्दर्शक, कॅमेरामन, त्याचा सहायक, साउंड रेकॉर्डिस्ट, प्रॉडक्शनचा एक माणूस आणि दोन ड्रायव्हर अशी सात माणसं जाणार. ड्रायव्हर मी मुद्दाम युनिटमध्येच मोजतो. त्यांना ‘गाडीसोबत आलेले’ समजलं की त्यांच्या झोपेचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

सिल्वासात हॉटेलं भरपूर आहेत आणि वापीचं रेल्वे स्टेशनही जवळ आहे. त्यामुळे पहिलं बुकिंग सहसा तिथलंच होतं. पण सिल्वासापासून दुधनी सुमारे ४० किलोमीटर आहे आणि खानवेलनंतरचा रस्ता वळणावळणाचा. सामान भरलेल्या गाडीला सव्वा तास धरा. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात मावळतो. पहाटेचं धुकं टिपायचं तर पावणेसातला कॅमेरा लागलेला हवा, म्हणजे सव्वासहाला पोचायला हवं. त्यासाठी पाचला निघायचं आणि सव्वाचारला उठायचं. संध्याकाळी साडेसहाला पॅकअप झाला तरी सामान गाडीत चढेपर्यंत सव्वासात होतात आणि हॉटेलवर पोचायला साडेआठ. जेवण उरकून सव्वानऊला कार्डं कॉपी करायला आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला घेतल्या की अकरा वाजतात. झोप मिळाली सव्वापाच तास. पहिल्या दिवशी ते निभतं. तिसऱ्या दिवशी फोकस चुकू लागतो, साध्या बोलण्यावरून खटके उडतात आणि परतीच्या वळणांवर ड्रायव्हरचे डोळे मिटू लागतात.

ही भीती कल्पनेतली नाही. १९९७मध्ये अमेरिकेत ‘प्लेझंटव्हिल’ या चित्रपटाचा कॅमेरा सहायक ब्रेंट हर्शमन जवळपास १९ तासांचं काम संपवून स्वतः गाडी चालवत घरी निघाला होता. गाडी चालवतानाच डोळा लागून त्याचा मृत्यू झाला. ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे शूटिंगमधल्या या जागरणांवरच एक माहितीपट केला.

मुक्काम खानवेलला हलवला की हेच गणित बदलतं. खानवेल साधारण निम्म्या वाटेवर आहे. जाताना-येताना मिळून तासाहून अधिक वेळ वाचतो आणि झोप साडेसहा तासांच्या आसपास जाते. मग थेट दुधनीतच का राहू नये, असा प्रश्न येईल. जागा मिळाली तर कॅमेऱ्याच्या टीमला एखादी रात्र तिथे ठेवावं, पण सगळा तळ नको. रात्री किमान आठ-दहा बॅटऱ्या चार्ज व्हायच्या असतात आणि एकेका बॅटरीला तीन-चार तास लागतात. म्हणून खोली बघताना गादीच्या आधी प्लग मोजावेत आणि वीज किती वेळ जाते ते विचारावं. शिवाय खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. माझ्या लेखी तळ तिथे टाकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

ड्रायव्हर दोन असले तरी दोघांनाही सकाळ-संध्याकाळ गाडीवर बसवू नये. पहाटे एका ड्रायव्हरने मोठ्या गाडीतून सगळ्यांना न्यावं. त्याने दुपारी सेटवर झोप काढावी, आणि संध्याकाळी त्याला लवकर खोलीवर पाठवावं. दुसऱ्याने दहाच्या सुमारास दुसरी गाडी, जेवण आणि पाणी घेऊन यावं आणि पॅकअपनंतर तीच मोठी गाडी परत न्यावी. कॅमेरा सहायकाला ‘आजचा दिवस तू चालव’ असं कधीही म्हणू नये.

सेटवर युनिट असेपर्यंत एक गाडी तिथून हलता कामा नये. तिचं तोंड रस्त्याकडे हवं, टाकी भरलेली हवी आणि किल्ली कुठे आहे हे सातही जणांना माहीत हवं. बर्फ संपला, केबल विसरली म्हणून ही गाडी पाठवायची नाही. या भागाला महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही इतके चिकटून आहेत की १०८ला लावलेला फोन शेजारच्या राज्यातही जाऊ शकतो. म्हणून फोनवर आधी प्रदेशाचं नाव सांगायचं, मग गावाचं. रेकीच्या दिवशीच खानवेलच्या रुग्णालयात जाऊन थेट नंबर घ्यावा. रात्री डॉक्टर असतात का आणि सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हेही तेव्हाच विचारावं. साप चावल्यास दोर आवळून बांधायचा नाही, जखम कापायची नाही. तो अवयव न हलवता माणसाला आडवं करून सरळ गाडीत घ्यायचं.

पाण्यावरचं शूटिंग सकाळीच उरकावं, दुपारनंतर वारा वाढतो. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, कारण माणूस पडला तर ते वजन त्याला खाली ओढतं. किती जणांना घ्यायचं हा शब्द नावाड्याचा, दिग्दर्शकाचा नाही.

जेवणाचं मुख्य दुखणं असतं वेळ. सकाळी नऊला शिजलेला भात डब्यात कोमट राहून दीडला वाढला गेला की त्यात जंतू वाढलेले असतात. त्यांनी सोडलेलं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. सातपैकी तिघांची पोटं बिघडली की शूटिंग थांबतं. म्हणून दुपारचं जेवण पाड्यावरच्या एखाद्या घरातून रोख पैसे देऊन करून घ्यावं आणि चुलीवरून थेट ताटात यावं. नागलीची भाकरी, डाळ, भाजी एवढं पुरे. तिखट किती ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर धरलं तर २८ लिटर होतं, म्हणजे रोज २० लिटरचे दोन जार. भांड्यांना आणि हातांना लागणारं पाणी वेगळं. पहाटे निघताना मात्र चहा आणि काहीतरी कोरडं खाणं गाडीतच असावं.

आता परतीचं. पाचव्या दिवशी पॅकअप करून रात्रीच मुंबई गाठायचा मोह होतो, एका रात्रीचं भाडं वाचतं म्हणून. ते भाडं बजेटमध्ये आधीच घालून ठेवावं आणि सकाळी नाश्ता करून निघावं. फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या गाड्यांत ठेवाव्यात. निघण्याआधी प्रॉडक्शनच्या माणसाने प्रत्येक बॅग उघडून पाहावी आणि कुणी रागावलं तरी पाहावी. दादरा-नगर हवेलीत दारू उघड मिळते, गुजरातेत दारूबंदी आहे, आणि नरोलीहून भिलाडमार्गे महामार्गाला लागलं की आपण गुजरातेत असतो. नगर हवेलीच्या पोटात मेघवळसारखं गुजरातचं गावही आहे, त्यामुळे हद्द केव्हा ओलांडली हे कळतही नाही. नाक्यावर एक बाटली सापडली तर माणसाबरोबर गाडीही अडकते, आणि त्याच गाडीत पाच दिवसांचं काम असतं.